दवाखान्याच्या पेजचा आवाज कसा ठरवायचा?

प्रश्न: माझे मिस्टर बालरोगतज्ज्ञ आहेत. कऱ्हाडला आमचा छोटा दवाखाना आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप हे मी, रिसेप्शनवरची ताई आणि पुण्याची एक एजन्सी असे तिघं मिळून बघतो. प्रत्येक पोस्ट वेगळ्याच माणसाने लिहिल्यासारखी वाटते. एजन्सी म्हणते, ‘फ्रेंडली, ट्रस्टेड, केअरिंग’ असा ब्रँड व्हॉइस ठरवा. तो ठरवून नेमकं लिहायचं काय, आणि तिघांनी तो पाळायचा कसा?

उत्तर:

त्या तीन शब्दांवरून कुणालाच काही लिहिता येणार नाही. कुठलाही दवाखाना स्वतःला प्रेमळ आणि विश्वासू म्हणवणारच. व्हॉइस गाइड उपयोगाचा आहे की नाही हे मी एका गोष्टीवरून ओळखते. तो वाचून रिसेप्शनवरच्या ताईला समोरच्या वाक्याबद्दल ‘हे आपल्याकडे चालत नाही’ असं सांगता आलं पाहिजे, तेही डॉक्टरांना न विचारता. विशेषणांवरून ते सांगता येत नाही. त्यासाठी ठरलेली वाक्यं लागतात आणि ठरलेले निर्णय लागतात.

तुमचं पेज वाचणारे पालक बहुतेक वेळा डॉक्टरांना आधी भेटलेले असतात, किंवा उद्या भेटणार असतात. म्हणून पेजचा आवाज नव्याने शोधायची गरज नाही. तपासणीच्या खोलीत तो रोज ऐकू येतो, तो फक्त कागदावर उतरवायचा आहे. एक काम करा. पालक सगळ्यात जास्त विचारतात असे दहा प्रश्न ताईला लिहून काढायला सांगा. ताप किती आला की आणायचं, जुलाब, लशीनंतर पाय सुजला, वरचं दूध कधी सुरू करायचं, मूल जेवत नाही, रात्री खोकल्याची ढास लागते, असे. ओपीडी संपल्यावर डॉक्टरांना एकेक प्रश्न विचारा आणि उत्तर मोबाईलवर रेकॉर्ड करा. समोर आई बसलीय असं समजून त्यांना बोलू द्या. तपासणी चालू असताना मात्र रेकॉर्डिंग करू नका, कारण त्या खोलीत लोक घरातल्या खासगी गोष्टी बोलत असतात. नंतर ते बोलणं जसंच्या तसं टाइप करा. अडखळणं, अर्धी वाक्यं, ‘हे बघा’, ‘घाबरू नका, पण’ हे सगळं राहू द्या. शुद्धलेखन सुधारायचा मोह इथे टाळायचा.

या दहा उत्तरांत तुमचा निम्मा गाइड तयार असतो. जुलाबाच्या प्रश्नावर एखादे डॉक्टर कसं बोलतील ते बघा:

‘हे बघा, आई आधी म्हणते जुलाब थांबायचं औषध द्या. मी म्हणतो, जुलाब दोन-चार दिवस चालतील, ते थांबवायच्या मागे लागू नका. अंगातलं पाणी कमी होऊ द्यायचं नाही, एवढं बघा. ओआरएस चमच्या-चमच्याने पाजत राहा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि परत हळूहळू सुरू करा. अंगावरचं दूध चालूच ठेवा. पण सहा-आठ तास लघवी झाली नाही, डोळे खोल गेले, बाळ मलूल पडलं, तर वाट बघू नका.’

आणि त्याच विषयावर एजन्सीकडून साधारण काय येतं तेही बघा:

‘पावसाळ्यात आपल्या चिमुकल्यांच्या आरोग्याची घ्या विशेष काळजी! अतिसार ठरू शकतो जीवघेणा. त्वरित तज्ज्ञांचा सल्ला घ्या. आजच अपॉइंटमेंट बुक करा!’

दुसऱ्या मजकुरात चुकीची माहिती नाही, पण घरी काय करायचं हेही त्यात कुठे नाही. रात्री दहा वाजता बाळाला तिसऱ्यांदा पातळ झालेल्या आईने हे वाचलं तर तिच्या हाती फक्त भीती लागते. डॉक्टरांच्या बोलण्यात एक क्रम आहे: आधी धीर, मग घरी करायचं काम, त्यामागचं कारण, आणि शेवटी कुठल्या खुणेवर निघायचं. गाइडच्या पहिल्या पानावर हा क्रम लिहा. आजाराबद्दलची प्रत्येक पोस्ट याच क्रमाने जायची.

आता निर्णयांकडे येऊ. त्यातला एक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याला जास्त जागा देते.

‘लगेच’ या शब्दाचा एकच अर्थ

एजन्सीच्या जुन्या पोस्ट काढून बघा. ‘त्वरित’, ‘वेळीच’, ‘दुर्लक्ष करू नका’, ‘तातडीने’ हे शब्द किती ठिकाणी आलेत ते मोजा. दात किडण्याच्या पोस्टमध्येही ‘त्वरित’ आणि फिट आल्यावरही ‘त्वरित’ लिहिलं, तर वाचणाऱ्याच्या लेखी त्या शब्दाला काही वजन उरत नाही. इतर धंद्यांत याने फार तर जाहिरात फिकी पडते. लहान मुलांच्या दवाखान्यात याचा परिणाम असा होतो की जेव्हा खरंच धावत निघायला हवं, तेव्हा सांगायला तुमच्याकडे शब्दच राहत नाही.

म्हणून घाईच्या तीन पायऱ्या ठरवा आणि प्रत्येकीसाठी एकच वाक्य नेमा. पहिली, ‘घरी लक्ष ठेवा’. दुसरी, ‘ओपीडीच्या वेळेत दाखवा’. तिसरी, ‘लगेच घेऊन या’. या तीन वाक्यांचे शब्द बदलायचे नाहीत. पोस्टर असो, व्हॉट्सअॅपचं उत्तर असो की कमेंट, हेच शब्द. ‘त्वरित’, ‘तातडीने’ आणि ‘विलंब न करता’ हे तिन्ही गाइडमध्ये बाद म्हणून लिहून टाका. पालकांना हे शब्द सारखे दिसत राहिले की काही महिन्यांत त्यांनाही कळतं, की हे पेज उगाच ‘लगेच’ म्हणत नाही.

कुठलं लक्षण कुठल्या पायरीवर हे तुम्ही, मी किंवा एजन्सीने ठरवायचं नाही. ते डॉक्टरांनी ठरवायचं आणि त्या कागदावर त्यांची सही आणि तारीख हवी. काही गोष्टींवर बालरोगतज्ज्ञांत दुमत नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर ती तिसरी पायरी, बाळ खेळतं दिसत असलं तरी. जुलाबात रक्त, फिट, श्वास घेताना छाती आत ओढली जाणं, बाळाने पिणं सोडणं, या सगळ्या तिसऱ्या पायरीवर. तीन वर्षांच्या मुलाला आज ताप आलाय, पण ते खेळतंय, पाणी पितंय, लघवी नीट होतेय, तर बहुतेक डॉक्टर पहिली पायरी सांगतील. मधल्या पायरीवर डॉक्टरांशी नीट बोलून घ्या, कारण तिथे प्रत्येकाची पद्धत थोडी वेगळी असते आणि पेजवर तुमच्याच दवाखान्याची पद्धत दिसायला हवी. ताप किती दिवस घरी बघायचा, खोकला किती दिवस, असे आकडे त्यांच्याकडून घ्या आणि मग ते बदलू नका.

तिसऱ्या पायरीला आणखी एक ओळ कायमची जोडलेली असू द्या. तुमच्याकडे रात्री कुणी नसेल, तर ‘लगेच घेऊन या’ लिहून बंद दारासमोर माणूस उभा करण्यात अर्थ नाही. ‘दवाखाना बंद असेल तर थांबू नका, जवळच्या रुग्णालयात न्या, किंवा 108 ला फोन करा’ हे वाक्य तिथे आलंच पाहिजे. सुट्टीच्या दिवशी आपोआप जाणाऱ्या व्हॉट्सअॅप संदेशातही हेच टाका. ‘आम्ही लवकरच तुमच्याशी संपर्क साधू’ एवढाच संदेश मी अनेक दवाखान्यांच्या नंबरवर पाहिलाय. आजारी बाळाच्या घरी तो वाचून माणूस उत्तराची वाट बघत बसू शकतो.

कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय

पेजवर दोन आवाज असू शकतात, पण ते मिसळायचे नाहीत. दवाखाना बोलतो तेव्हा ‘आम्ही’. डॉक्टर स्वतः सांगतात तेव्हा ‘मी’, आणि तिथे खाली त्यांचं नाव. डॉक्टरांच्या नावाने जाणारा मजकूर त्यांनी वाचून ‘हो’ म्हटल्याशिवाय टाकायचा नाही. ‘डॉक्टर साहेब सांगतात’, ‘आमचे सर म्हणतात’ हे बंद करा. त्यात दवाखान्यातली उतरंड दिसते आणि वाचणारी आई लांब राहते.

वाचणाऱ्याला ‘तुम्ही’ म्हणा. ‘आपण’ नको. ‘आपण बाळाला पाजावे’ यात कोण पाजणार हेच कळत नाही, आणि ‘आपल्या बाळाला’ हे तर बँकेच्या पत्रासारखं वाटतं. ‘चिमुकले’, ‘छकुले’, ‘गोंडस’ हेही सोडा. एक वर्षापर्यंत ‘बाळ’ आणि पुढे ‘मूल’, एवढं पुरतं. प्रत्येक वाक्यात ‘आईने’ लिहायचं का, हेही ठरवा. पाजण्याबद्दल असेल तर ‘आईने’. ओआरएस कालवणं, ताप मोजणं, लशीला आणणं हे वडीलही करतात आणि आजीही करते. तिथे ‘तुम्ही’ म्हटलं की सगळे त्यात येतात. आजीचा विषय निघालाच आहे तर एक सांगते: काजळ, गुटी, पहिल्या महिन्यांत पाणी पाजणं अशा विषयांवर लिहिताना ‘जुनाट समजुती’, ‘अंधश्रद्धा’ हे शब्द वापरू नका. ती पोस्ट घरातली सून सासूला दाखवणार असते. डॉक्टर आजीला समोर बसवून जसं सांगतात तसं लिहा: ‘पहिले सहा महिने अंगावरचं दूध पुरतं. उन्हाळ्यातही वेगळं पाणी लागत नाही, कारण दुधात पाणी असतंच.’

मग ‘केले’ की ‘केलं’? हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तिघं लिहिणारे आहेत हे वाचणाऱ्याला बहुधा इथेच कळतं. एक जण ‘द्यावे’, दुसरी ‘द्या’, तिसरा ‘देणे आवश्यक आहे’. माझा सल्ला असा: सगळ्या पोस्ट, उत्तरं आणि व्हिडिओवरच्या ओळी बोलतो तशा, म्हणजे ‘केलं’, ‘द्या’, ‘करू नका’. फक्त संमतिपत्र आणि दवाखान्यातल्या भिंतीवरच्या सूचना ‘केले’, ‘द्यावे’ अशा. दोन्हींची सरमिसळ एकाच मजकुरात नको.

आजारांची आणि औषधांची नावं लोकांच्या तोंडात आहेत ती घ्या. ‘अतिसार’ नको, ‘जुलाब’. ‘निर्जलीकरण’ नको, ‘अंगातलं पाणी कमी होणं’. ‘स्तनपान’ मथळ्यात ठीक आहे, पण सल्ला देताना ‘अंगावर पाजणं’. उलट ‘ओआरएस’, ‘पॅरासिटामॉल’, ‘डोस’, ‘सिरप’ यांना मराठी करायला जाऊ नका, घरात हेच शब्द आहेत. लशींच्या वेळा लिहिताना 6, 10 आणि 14 आठवडे असं छापलं, तर बरेच पालक बोटं मोजत बसतात. त्यांच्या बोलण्यात ते दीड, अडीच आणि साडेतीन महिने असतं. पोस्टमध्ये तसंच लिहा आणि ज्याला आठवण पाठवताय त्याला मात्र नेमकी तारीख द्या. अशी पंचवीस-तीस शब्दांची एक यादी गाइडमध्ये पुरे. त्याहून मोठी यादी कुणी उघडून बघत नाही.

जुलाबाची तीच पोस्ट, ठरल्याप्रमाणे

वरचे निर्णय लावले की डॉक्टरांच्या बोलण्यातून पोस्ट अशी तयार होते:

‘बाळाला जुलाब होतायत? आधी अंगातलं पाणी सांभाळा.

जुलाब दोन-चार दिवस चालू शकतात. तेवढ्यात पाणी कमी पडलं नाही, तर बहुतेक मुलं घरीच बरी होतात.

ओआरएस पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा. मोठं पाकीट 1 लिटरला असतं, लहान 200 मिलिलिटरला. थोडं पाकीट, थोडं पाणी असं करू नका. चमच्या-चमच्याने पाजा. उलटी झाली तर 10 मिनिटं थांबा आणि पुन्हा हळूहळू द्या. कालवलेलं ओआरएस 24 तासांनी टाकून द्या. अंगावरचं दूध आणि नेहमीचं जेवण चालू ठेवा.

लगेच घेऊन या: सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, बाळ मलूल आहे किंवा पीत नाही, शी मध्ये रक्त आहे. दवाखाना बंद असेल तर थांबू नका, जवळच्या रुग्णालयात न्या, किंवा 108 ला फोन करा.’

यात ‘अपॉइंटमेंट बुक करा’ कुठे नाही हे एजन्सी विचारेल. त्यांना सांगा की फोन नंबर पेजवर आहे. पाकीट अर्धं-अर्धं करू नका, हे वाक्यही त्यांना काढावंसं वाटेल, कारण पोस्टर लांबतं. ते काढू देऊ नका. पाणी कमी पडलं तर द्रावणात मीठ जास्त होतं, पाणी जास्त झालं तर ते पातळ होतं, आणि घरोघरी नेमकी हीच चूक होते.

औषधाचा डोस कमेंटमध्ये कधीच नाही

पोस्ट चांगली चालली की खाली कमेंट येतात: ‘सर, बाळ 9 किलोचं आहे, पॅरासिटामॉल किती द्यायचं?’ गाइडमध्ये याचं उत्तर आधीच लिहिलेलं हवं, कारण ताईला मदत करायची इच्छा होते आणि ती ‘5 एमएल’ लिहून मोकळी होते. इथे धोका काय आहे ते तिला समजावून सांगा. पॅरासिटामॉलचे थेंब साधारण 1 मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम असतात. सिरप 5 मिलिलिटरला 120 मिलिग्रॅमचं मिळतं आणि 250 चंही मिळतं. म्हणजे तेच ‘5 एमएल’ एका बाटलीतून 120, दुसरीतून 250 आणि थेंबांच्या बाटलीतून 500 मिलिग्रॅम होतं. समोरच्याच्या हातात कुठली बाटली आहे हे आपल्याला दिसत नाही. ते कारण कळलं की ताई नियम पाळते. नुसतं ‘डोस लिहू नका’ म्हटलं तर गर्दीच्या दिवशी ती विसरते.

ठरलेलं उत्तर असं ठेवा: ‘डोस बाळाच्या वजनावर आणि तुमच्याकडे कुठली बाटली आहे त्यावर ठरतो, म्हणून इथे सांगत नाही. बाटली हातात घेऊन दवाखान्यात फोन करा. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप 100.4 किंवा त्याहून जास्त असेल, तर लगेच घेऊन या.’ अशी आठ-दहा उत्तरं व्हॉट्सअॅप बिझनेसच्या क्विक रिप्लायमध्ये साठवून ठेवा, ‘ताप’, ‘लस’, ‘सुट्टी’, ‘डोस’ अशा शॉर्टकटने. इन्स्टाग्रामवरही अशी उत्तरं साठवता येतात. आवाज सारखा राहण्यासाठी याहून सोपा उपाय मला माहीत नाही, कारण घाईत माणूस गाइड उघडत नाही, साठवलेलं वाक्य मात्र वापरतो.

सरकारी केंद्रातल्या लशींबद्दलचं उत्तरही याच यादीत असू द्या. ‘सरकारी दवाखान्यात घेतलेली लस चालते का?’ ‘चालते. लसीकरणाचं कार्ड घेऊन या, पुढच्या लशी त्यावरून ठरवू.’ कांजिण्या, टायफॉइड, हिपॅटायटिस ए अशा काही लशी राष्ट्रीय कार्यक्रमात नाहीत आणि त्या तुम्ही देत असाल तर तसं सरळ लिहा, पण ‘तुमच्या बाळाला अपुरं संरक्षण देऊ नका’ असला सूर लावू नका. मोफत लस घेणाऱ्या आईला तिने काही कमी केलं असं वाटायला नको.

काय लिहायचंच नाही

इथे आवडीनिवडीचा प्रश्न नाही, कायद्याचा आहे. आणि एजन्सीला तो माहीत असेल असं धरून चालू नका. कारण हॉटेलची आणि कपड्यांची पेजही तेच लोक चालवत असतात.

डॉक्टरांसाठी 2002 ची भारतीय वैद्यक परिषदेची आचारसंहिता आज लागू आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये नवीन नियम आणले होते, त्यात समाजमाध्यमांबद्दल वेगळा भाग होता, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले. 2002 च्या नियमांनुसार डॉक्टरने रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करायची नाही, आणि बरे केलेले रुग्ण, शस्त्रक्रिया, उपचार यांची फुशारकी मारायची नाही किंवा ती छापू द्यायची नाही. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, काही दिवस सुट्टीवर आहोत, परत आलो, फी इतकी आहे, अशा घोषणा मात्र करता येतात. म्हणून ‘कऱ्हाडमधील सर्वोत्तम’, ‘100 टक्के खात्री’, ‘इतरांनी हात टेकले, आम्ही बरं केलं’ आणि आभार मानणाऱ्या पालकांचे व्हिडिओ, हे सगळं बाद. आरोग्याची माहिती देणारी पोस्ट आणि रुग्ण खेचणारी पोस्ट यांत फरक ठेवा. शंका आली तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे किंवा वकिलाकडे विचारा.

बालरोगाच्या पेजला आणखी एक कायदा लागतो, तो फार कमी लोकांच्या लक्षात असतो. 1992 चा शिशुदुग्ध पर्यायांचा कायदा, 2003 मध्ये सुधारलेला. पावडरचं दूध, दुधाची बाटली आणि दोन वर्षांपर्यंतच्या मुलांचं डबाबंद अन्न यांच्या प्रसाराला त्यात बंदी आहे. एजन्सी विकतच्या फोटोंतून ‘गोड बाळ’ शोधते आणि त्या बाळाच्या हातात हमखास दुधाची बाटली असते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातल्या स्तनपान सप्ताहाच्या पोस्टवरसुद्धा असा फोटो येऊ शकतो. गाइडमध्ये फोटोंसाठी दोनच ओळी लिहा: बाटली, चोखणी आणि डबा दिसणारा फोटो नको. आणि दवाखान्यात आलेल्या मुलाचा फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय नको, चेहरा झाकला तरी नको. संमती तपासणीच्या वेळी मागू नका. आजारी मूल मांडीवर असताना ‘नाही’ म्हणणं पालकांना जड जातं.

रागावलेल्या रिव्ह्यूला उत्तर

आवाज सगळ्यात जास्त इथे फुटतो, कारण इथे लिहिणारा माणूस दुखावलेला असतो. समजा गुगलवर कुणी लिहिलं: ‘दोन तास बसवलं, दोन मिनिटांत पाठवलं, बाळाचा ताप गेलाच नाही.’ मनात येणारं उत्तर असं असतं: ‘तुम्ही अपॉइंटमेंटशिवाय आलात. बाळाला व्हायरल ताप होता, तो 3-4 दिवस राहणार हे सांगितलं होतं.’ उत्तर खरं असेलही. पण यात तुम्ही एका मुलाचा आजार सगळ्यांसमोर सांगितला, आणि ते तुमच्याकडे आलं होतं हेही. रुग्णाची गोष्ट गुप्त ठेवायची डॉक्टरांची जबाबदारी समोरच्याने तक्रार केली म्हणून संपत नाही.

ठरलेलं उत्तर असं: ‘थांबावं लागल्याचा त्रास आम्ही समजू शकतो. कुणाच्याही तब्येतीबद्दल आम्ही इथे बोलत नाही. कृपया दवाखान्याच्या नंबरवर फोन करा, डॉक्टर स्वतः बोलतील.’ बस. रिव्ह्यूला उत्तर फक्त तुम्ही द्यायचं, ताईने किंवा एजन्सीने नाही, आणि त्याच दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी. डॉक्टर स्वतः बोलतील असं लिहिलंत तर ते खरंच बोलले पाहिजेत, त्यासाठी आठवड्यातली एक वेळ ठरवून ठेवा. कौतुकाच्या रिव्ह्यूलाही हेच लागू आहे. ‘आरोहीचा दमा आता बरा आहे ऐकून आनंद झाला’ असं लिहायचं नाही. ‘वेळ काढून लिहिलंत, आभार’ एवढं पुरे.

तिघांनी पाळायचा कसा

गाइड चार पानांहून मोठा होऊ देऊ नका. पहिल्या पानावर पोस्टचा क्रम आणि घाईच्या तीन पायऱ्या, लक्षणांच्या यादीसह, डॉक्टरांची सही असलेल्या. दुसऱ्यावर ‘आम्ही’, ‘तुम्ही’, क्रियापदं आणि शब्दांची यादी. तिसऱ्यावर साठवलेली उत्तरं. चौथ्यावर काय लिहायचं नाही, आणि जुलाबाच्या त्या दोन पोस्ट शेजारी-शेजारी. नवीन माणसाला सगळ्यात जास्त ते चौथं पान शिकवतं. पहिलं पान छापून रिसेप्शनच्या आतल्या बाजूला लावा. बाकीचं व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर पीडीएफ म्हणून पिन करा.

मग पडताळा घ्या. तिघांनाही एकच विषय द्या, समजा ‘लशीनंतर ताप’. एकमेकांना न दाखवता सहा ओळी लिहायला सांगा. नावं काढून डॉक्टरांना वाचायला द्या. कुणी काय लिहिलंय हे त्यांना ओळखता आलं, तर कशावरून ओळखलं ते विचारा. ते जे सांगतील ती तुमच्या गाइडमधली फट आहे. बहुधा ती क्रियापदात किंवा शेवटच्या वाक्यात सापडते. तीच जागा दुरुस्त करा, सगळा गाइड नव्याने लिहू नका.

एजन्सीशी कामाची पद्धतही उलटी करा. आत्ता ते मजकूर आणि चित्र दोन्ही पाठवतात आणि तुम्ही घाईत ‘ओके’ म्हणता. इथून पुढे मजकूर दवाखान्यातून जाईल, चित्र आणि मांडणी त्यांची. त्यांना शब्द बदलायचा असेल तर तसं कळवायचं. सणांच्या शुभेच्छा हव्या असतील तर कुठल्या सणांना द्यायच्या याची यादी जानेवारीतच करा आणि त्यात तुमच्याकडे येणाऱ्या सगळ्या घरांचे सण असू द्यात. शुभेच्छेच्या पोस्टवर आजाराचा सल्ला जोडू नका, दोन्ही वाया जातात.

गाइड चालतोय की नाही हे लाइक्सवरून कळत नाही. ताईच्या टेबलावर एक वही ठेवा आणि फोनवर पालक काय विचारतात ते तिला दोन शब्दांत लिहू द्या. जे पोस्टमध्ये सांगून झालंय तेच लोक पुन्हा फोन करून विचारत असतील, तर ते वाक्य नीट लिहिलं गेलेलं नाही. ओआरएसच्या पोस्टनंतर ‘किती पाण्यात?’ असे फोन आले, तर पाण्याची ओळ वर घ्या आणि मोठी करा. आणि ‘लगेच घेऊन या’च्या यादीतलं लक्षण असूनही कुणी दुसऱ्या दिवशी आलं, तर डॉक्टरांनी शांतपणे विचारावं की आमची पोस्ट बघितली होती का, आणि त्यातून काय समजलं. दर सहा महिन्यांनी ती वही घेऊन तिघांनी आणि डॉक्टरांनी तासभर बसा. लसीकरणाचं वेळापत्रक किंवा डॉक्टरांचा सल्ला बदलला असेल तर आधी साठवलेली उत्तरं बदला, मग गाइड, आणि जुनी पोस्ट पेजवरून काढून टाका. लोक जुनी पोस्ट फॉरवर्ड करत राहतात आणि तिच्यावर तुमचंच नाव असतं.